मुलाखतीत नजर, बसणं आणि हस्तांदोलन: पाठ केल्यासारखं कशामुळे दिसतं?

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ट्रेनी घ्यायचे असले की एका दिवसात पंधरा-वीस मुलंमुली त्याच एका खुर्चीत येऊन बसतात. क्वालिटी विभागाचा माणूस म्हणून अशा पॅनेलवर बसायचं काम माझ्याकडेही येतं. मान खाली घालून, ओठांतल्या ओठांत बोलणारा मुलगा आला की पॅनेल त्याला सांभाळून घेतं. पाणी देतं, गावाबद्दल विचारतं. पण डोळे न मिटता सरळ आपल्याकडे बघणारा, चेहऱ्यावर एकच हसू ठेवून बसलेला आणि प्रत्येक वाक्याला हात हलवणारा उमेदवार आला की पॅनेलवरचे लोक नकळत मागे रेलतात. त्याच्या उत्तरात चूक सापडलेली नसते, तरीही या मुलाला खरोखर काय येतं याचा अंदाज बांधता येत नाही. दुसऱ्या मुलाने भरपूर मेहनत घेतलेली असते, म्हणून त्याचं जास्त वाईट वाटतं.

ही मेहनत बहुतेकदा एका आकड्याच्या धाकाने झालेली असते. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के, असं क्लासमध्ये हमखास सांगितलं जातं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले आणि काही वेळा सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही. शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, अशा वेळी लोक कशावर विश्वास ठेवतात, इतकंच त्यातून कळतं. मुलाखतीत तुमच्या उत्तराला फक्त सात टक्के किंमत आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. स्वतः मेहराबियन यांनीही पुढे हे आकडे सगळ्या बोलण्याला लावू नका असं स्पष्ट केलं. मायक्रोमीटर कसा वाचायचा हे येत नसेल, तर कितीही ताठ बसून उपयोग नाही.

मग पाठ केल्यासारखं दिसतं ते नेमकं कशामुळे? मुख्य कारण वेळेचं आहे. कोणालाही सीबीएसवरून कॉलेज रोडला कसं जायचं ते विचारा आणि त्याच्या हाताकडे बघा. ‘उजवीकडे’ हा शब्द तोंडातून निघण्याआधीच किंवा शब्दासोबतच हात उजवीकडे वळलेला असतो. बोलणं आणि हात दोन्ही एकाच विचारातून निघतात, म्हणून ते असे जुळून येतात. हावभाव ठरवून केले की क्रम उलटतो. आधी वाक्य येतं, मग आठवतं की इथे हात उघडायचा होता, आणि मग हात हलतो. ही उशिराची हालचाल अर्ध्या सेकंदाची असली तरी बघणाऱ्याला खटकते. काय चुकलंय ते त्याला सांगता येणार नाही, पण ‘हा घोकून आलाय’ असं तो म्हणून जातो. नजरेचंही तसंच आहे, आणि हसण्याचंही.

म्हणून माझं सांगणं असं की ज्या गोष्टी बोलण्याशी जोडलेल्या नाहीत त्या आधीच ठरवून टाकाव्यात: पिशवी कुठे ठेवायची, खुर्चीत कसं बसायचं, हात पुढे करायचा की नमस्कार करायचा. आणि ज्या बोलण्याशी जोडलेल्या आहेत, म्हणजे नजर आणि हातांची हालचाल, त्या बोलण्यावरच सोडाव्यात. फक्त त्यांना अडवणाऱ्या सवयी काढाव्यात.

एक उदाहरण घेऊन हे सगळं बघू. समजा, निफाडकडची एक मुलगी आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय आणि अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी ट्रेनीच्या जागेसाठी मुलाखतीला आली आहे. डिसेंबरची सकाळ आहे आणि ती भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून आली आहे. आत टेबलापलीकडे तिघं आहेत: एचआरच्या मॅडम, क्वालिटीचे प्रमुख आणि प्लांट मॅनेजर.

पहिला प्रश्न हाताचा. निफाडच्या थंडीतून गाडीवर आल्यावर हात गार पडलेले असतात, आणि उन्हाळ्यात हेच हात घामेजलेले असतात. २००८ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी ९८ विद्यार्थ्यांच्या सराव-मुलाखतींत हस्तांदोलनाचा अभ्यास केला. ज्यांच्या हस्तांदोलनाला चांगले गुण मिळाले, त्यांना नोकरीसाठी शिफारसही जास्त मिळाली. मुलींची पकड सरासरीने मुलांपेक्षा सैल होती, पण त्यामुळे त्यांचे मुलाखतीचे गुण कमी झाले नाहीत. उलट ज्या मुलींची पकड घट्ट होती त्यांना तिचा फायदा मुलांपेक्षा जास्त झालेला दिसला. अर्थात त्या मुलाखती सरावाच्या होत्या आणि तिथे हात मिळवणं ही रीतच आहे. हस्तांदोलन चांगलं होतं म्हणून शिफारस मिळाली, की मोकळ्या स्वभावाच्या मुलांना दोन्ही जमलं, हे त्यावरून पक्कं ठरत नाही.

आपल्याकडे अडचण वेगळी असते. हात पुढे येईल की नाही हेच माहीत नसतं. त्यावर सोपा नियम असा की हात पॅनेलने पुढे करायचा, उमेदवाराने नाही. आपल्या या मुलीने दारातून आत येऊन दोन पावलं टाकावीत, थांबावं, तिघांकडे बघून एकदाच नमस्कार करावा आणि ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘नमस्कार सर, नमस्कार मॅडम’ म्हणावं. रुंद टेबलावरून वाकून तिघांचे हात हातात घ्यायला गेलं की फाइल घसरते, ओढणी सावरावी लागते आणि सुरुवातच ओढाताणीची होते. मॅडमनी किंवा सरांनी हात पुढे केला तर मात्र अर्धवट नमस्कार आणि अर्धवट हात असं करू नये. नमस्कार सोडून हात द्यावा. पुरुषाशी हात मिळवणं तिला नको वाटत असेल तर हसून नमस्कार चालू ठेवला तरी कोणी वाईट वाटून घेत नाही. मुलाखतीला येणाऱ्या मुलांनीही हेच लक्षात ठेवावं: मॅडमनी हात पुढे केला तरच हात द्यावा.

हात द्यायचा तर अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली खाच समोरच्याच्या त्याच खाचेला टेकेपर्यंत आत जाऊ द्यावा. बहुतेक वाईट हस्तांदोलनं इथेच बिघडतात. हात पूर्ण आत जाण्याआधीच पकड घेतली की फक्त बोटं हातात येतात, आणि मग कितीही जोर लावला तरी ते लुळंच वाटतं. जोर किती लावायचा? समोरचा जितका लावतो तितकाच. दोन-तीनदा हलकं हलवावं आणि सोडावं. नजर त्या वेळी चेहऱ्याकडे असावी, हाताकडे नको. फाइल आधीपासूनच डाव्या हातात असावी, म्हणजे ऐनवेळी अदलाबदल होत नाही. गार हात बाहेर बसलेलं असताना एकमेकांवर चोळून किंवा चहाच्या कपाला धरून गरम होतात. घामाचे हात रुमालाने पुसावेत, तेही नाव पुकारलं जाण्याआधी. आत आल्यावर पँटला किंवा कुर्त्याला पुसलेला हात सगळ्यांना दिसतो.

आता खुर्ची. घरी मोठ्यांसमोर आपण खुर्चीच्या कडेवर बसतो, त्यात मान देण्याची भावना असते. मुलाखतीत हीच सवय अंगाशी येते, आणि त्याचं कारण निव्वळ शरीराचं आहे. कडेवर बसलं की अंगाचा तोल मांड्यांवर येतो. पाच मिनिटांत मांड्या ताठरतात आणि पाय हलायला लागतो. पाठीला टेका नसल्याने खांदे वर चढतात, श्वास छातीतल्या छातीत राहतो आणि आवाज बारीक होतो. पॅनेलला हे सगळं ‘घाबरलीय’ असं दिसतं, आणि खरं सांगायचं तर घाबरण्यातला बराच भाग त्या बसण्यातूनच आलेला असतो. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकेल इतकं मागे सरकून बसावं. दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकवावीत. पाठ टेकलेली असली की आवडीचा विषय निघाल्यावर माणूस आपोआप पुढे झुकतो आणि बोलून झाल्यावर मागे येतो. ‘उत्सुकता दाखवण्यासाठी पुढे झुका’ असं शिकवलेली मुलं मुलाखतभर पुढेच झुकून राहतात, आणि त्यात काही उत्सुकता दिसत नाही.

पिशवी मांडीवर घेऊ नये, ती खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवावी. मांडीवर असली की दोन्ही हात तिला धरून बसतात आणि बोलताना सुटत नाहीत. फाइल मांडीवर चालेल, पण बंद. हात मांडीवर किंवा टेबलाच्या कडेवर एकमेकांत न गुंफता मोकळे राहू द्यावेत. मोकळा हात बोलण्यासोबत आपला आपण उठतो, त्याला शिकवावं लागत नाही. हाताच्या घडीला फार घाबरू नये. एसीच्या गारव्यात कोणीही हात आवळून बसतं. मात्र चाकाची फिरती खुर्ची असेल तर पावलं रोवून बसावं, कारण तिचं हळूहळू डोलणं बसलेल्याला कळत नाही, समोरच्याला मात्र दिसत राहतं.

सगळ्यात जास्त गैरसमज नजरेबद्दल आहेत. ‘आय कॉन्टॅक्ट ठेवा’ हा सल्ला इतका ऐकवला जातो की मुलं तो अखंड पाळायला जातात. माणसं तसं बघत नाहीत. ॲडम केंडन यांनी १९६७ साली दोन माणसांच्या गप्पांचं चित्रीकरण बारकाईने तपासलं. लांब बोलणं सुरू करताना माणूस बहुधा नजर बाजूला नेतो आणि बोलणं संपत आलं की परत समोरच्याकडे आणतो. नजर बाजूला गेली की ‘मी अजून मांडतोय’ हे कळतं, आणि परत आली की ‘आता तुम्ही बोला’ हे कळतं. ऐकताना मात्र आपण बोलताना बघतो त्यापेक्षा बऱ्याच जास्त वेळ समोरच्याकडे बघतो. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या सुमारे पाचशे लोकांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डोळ्यांना डोळे भिडवून ठेवणं लोकांना सरासरी ३.३ सेकंदच सुखाचं वाटलं. हा आकडा घेऊन कोणी मनात सेकंद मोजायला लागू नये. पाच मिनिटं नजर न हटवणं म्हणजे ताकद नाही, एवढंच त्यातून घ्यावं.

आपल्या मुलीला क्वालिटीचे प्रमुख विचारतात, “२० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट आहे. टॉलरन्स वर-खाली दोन शतांश मिलिमीटर. कशाने मोजशील?”

प्रश्न चालू असताना ती त्यांच्याकडे बघते. हे ऐकणं आहे, इथे नजर चेहऱ्यावर टिकली पाहिजे. प्रश्न संपला की तिला विचार करायचाय. नजर टेबलाकडे किंवा बाजूला जाते. जाऊ द्यावी. अवघड गोष्ट आठवताना माणूस चेहऱ्यावरून नजर काढतो, कारण समोरचा चेहरा वाचणं हेसुद्धा डोक्याला काम असतं. नजर काढल्यावर किंवा डोळे मिटल्यावर उत्तर जास्त चांगलं आठवतं, हे प्रयोगांतही दिसलं आहे. इथे जबरदस्तीने डोळ्यांत बघत राहिलेला उमेदवार दोन्हीकडून अडकतो: उत्तर सुचत नाही आणि चेहरा गोठतो. वेळ लागणार असेल तर “थोडा विचार करते, सर” एवढं म्हणावं, म्हणजे त्या शांततेचा वेगळा अर्थ निघत नाही.

मग ती बोलायला लागते. “सर, नेहमीच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंटच ०.०२ मिलिमीटर असतो, म्हणजे टॉलरन्सइतकाच. तो इथे भरवशाचा नाही.” हे म्हणताना नजर टेबलावरून वर येते आणि ‘भरवशाचा नाही’पर्यंत सरांच्या चेहऱ्यावर पोचते. “मी मायक्रोमीटर घेईन, त्याचा लीस्ट काउंट ०.०१ असतो.” हे बोलताना तिच्या अंगठ्या-बोटात मायक्रोमीटर धरल्यासारखी हालचाल होते. कोणी शिकवलेली नाही. ज्याने ते यंत्र हातात धरलंय त्याचा हात तसा वळतोच. अशी हालचाल दिसली की मी मनात गुण देतो, कारण ती पाठ करता येत नाही. “आणि रोज शेकडो पीस तपासायचे असतील तर स्नॅप गेज लावावा, गो आणि नो-गो.” हे वाक्य प्लांट मॅनेजरच्या कामाचं आहे, तेव्हा नजर त्यांच्याकडे जाणं स्वाभाविक आहे. शेवटचे शब्द मात्र प्रश्न विचारणाऱ्या सरांकडे बघून संपतात.

तिघांच्या पॅनेलसमोर एवढंच पुरतं: प्रश्न ज्याने विचारला त्याच्यापासून सुरू करावं, उत्तर लांबलं तर वाक्य संपताना इतरांकडे बघावं आणि शेवटी पहिल्याकडे यावं. नजर बदलायची ती अर्थ बदलतो तिथे. वाक्याच्या मध्येच, ठरावीक वेगाने डावीकडून उजवीकडे फिरणारी नजर पावसात चाललेल्या वायपरसारखी दिसते, आणि ती कोणालाच आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. कोणी एक जण लिहीत असेल किंवा मोबाइल बघत असेल तर त्याची वाट बघू नये.

वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत बघणं उद्धटपणाचं, असं ज्या घरांत शिकवलंय तिथल्या मुलांना हे सगळं ऐकूनही जड जातं. त्यांनी डोळ्यांचा नाद सोडावा. भुवयांपासून गालापर्यंत कुठेही नजर असली तरी टेबलापलीकडच्या माणसाला ती डोळ्यांतच वाटते. आणि किमान दोन जागी नजर वर हवी: प्रश्न ऐकताना, आणि उत्तराच्या शेवटच्या चार शब्दांना. शेवटचे शब्द टेबलाकडे बघून म्हटले की बरोबर उत्तरही विचारल्यासारखं ऐकू येतं आणि पॅनेलवरचा माणूस विचारतो, “नक्की का?” तिरळेपणा, तोतरेपणा किंवा हाताची काही अडचण असेल आणि तिच्यामुळे गैरसमज होईल असं वाटत असेल, तर सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकावं. मग पॅनेल वेगळे अर्थ लावत बसत नाही.

सराव आरशासमोर करू नये. आरसा बोलताना स्वतःकडे बघायची सवय लावतो, आणि मुलाखतीत नेमकं तेच नको असतं. त्याऐवजी मैत्रिणीला टेबलापलीकडे बसवावं आणि मोबाइल बाजूला उभा करून दहा मिनिटांचं चित्रीकरण करावं. नंतर ते आवाज बंद करून एकदा बघावं. आवाज नसला की सवयी लगेच उठून दिसतात: पेनचं टिकटिक, केस मागे सारणं, पाय हलणं, प्रत्येक उत्तराआधी छताकडे बघणं. त्यातली सर्वांत मोठी एकच निवडावी आणि तिचं कारण काढून टाकावं. पेनचा चाळा असेल तर पेन पिशवीतच राहू द्यावं. केसांचा असेल तर केस घट्ट बांधावेत. सवय आवरायला लागणारं लक्ष उत्तरातून वजा होतं, म्हणून तिला संधीच न ठेवणं बरं.

उत्तरांचा सराव शब्दशः करू नये. मैत्रिणीने तोच प्रश्न प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत विचारावा: “स्वतःबद्दल सांगा”, “डिप्लोमात काय काय केलंस?”, “आमच्याकडे कशाला यायचंय?” मनात मुद्दे चारच ठेवावेत, वाक्यं त्या वेळी जुळवावीत. घोकलेलं उत्तर ओळखायला सोपं असतं. नजर समोरच्याच्या थोडी पलीकडे स्थिर होते, आवाज एका पट्टीत चालतो, आणि मध्येच काही विचारलं तर उमेदवार थांबून वाक्य पहिल्यापासून सुरू करतो. मी म्हणूनच मध्ये एखादा छोटा प्रश्न टाकतो. ज्याला विषय येतो तो त्याचं उत्तर देऊन जिथे होता तिथून पुढे जातो.

आणखी एक जागा आहे जिथे तयारी संपते, ती म्हणजे शेवट. “ठीक आहे, आम्ही कळवू” हे ऐकलं की मुलं सैल पडतात. सर्टिफिकेटं चुरगळत फाइलमध्ये जातात, ‘थँक यू’ खुर्चीला उद्देशून म्हटलं जातं आणि पाठमोरं होऊनच दार गाठलं जातं. पॅनेल गुणपत्रकावर आकडे टाकतं ते याच वेळी. आपल्या मुलीने कागद सरळ करून फाइलमध्ये ठेवावेत, दहा सेकंद लागले तरी चालतील. पिशवी उचलून उभं राहावं, खुर्ची मागे सरकवलेली असेल तर जागेवर लावावी, आणि मग तिघांकडे बघून “धन्यवाद सर, धन्यवाद मॅडम” म्हणावं. हात पुढे आला तर हात द्यावा, नाहीतर नमस्कार करून निघावं. दार आधी बंद होतं तर बंद करावं, उघडं होतं तर उघडंच ठेवावं.